शद्दा छापलेली नसते तेव्हा

अरबीतून मराठीत भाषांतरं करू लागलो तेव्हा एका शिक्षिकेचा अर्ज हाती आला. त्यातल्या एका वाक्याचं मी केलं, 'सहा वर्षं विद्यार्थिनींबरोबर गणित शिकल्या.' खरं तर त्या विद्यार्थिनींना शिकवत होत्या. तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर त्यांचा सहा वर्षांचा अनुभवच पुसला गेला असता.

'दरस' म्हणजे शिकला, 'दर्रस' म्हणजे शिकवलं (दोन्हींत शेवटचा अ उच्चारायचा). लिहिताना फरक फक्त र वरच्या शद्देचा, म्हणजे व्यंजन दुप्पट करणाऱ्या खुणेचा. सीन या अक्षराच्या तीन दातांसारखी ही बारीक खूण रोजच्या छपाईत बहुधा गाळतात. मग ओळखायचं कसं? त्या वाक्यात क्रियापदाला दोन कर्मं होती, विद्यार्थिनी आणि गणित. शिकायला एक विषय पुरतो. माणूस आणि विषय दोन्ही आले की शिकवणंच. मराठीत 'शिकणे'चं 'शिकवणे' करायला आपण व घालतो, अरबी मधलं व्यंजन दुप्पट करते.

उच्चार आपल्याला अवघड नाही. मका आणि मक्का म्हणून पाहा: दुसऱ्यात जीभ टाळूला टेकून क्षणभर थांबते. तेवढंच थांबायचं, मध्ये स्वर येऊ द्यायचा नाही. र्र मात्र आपल्याकडून निसटतो. तिथे 'भुर्रकन' मधला र्र आठवा. मी आठवडाभर 'दरस, दर्रस' असं जोडीनंच म्हणत होतो. थांबा चुकला तर 'हम्माम'चं 'हमाम' होतं, म्हणजे न्हाणीघराचं कबूतर.

शद्देनं येणारा दुसरा अर्थ जोराचा. 'कसर' म्हणजे फोडलं, 'कस्सर' म्हणजे फोडून तुकडे तुकडे केले. ढोबळ अंदाज असा: मूळ क्रियापद अकर्मक असेल तर शद्देनं बहुधा प्रयोजक होतं, मुळातच तोडण्याफोडण्याचं असेल तर तीव्रता वाढते. पण हा अंदाज सगळीकडे चालत नाही. 'कझब' म्हणजे खोटं बोलला आणि 'कझ्झब' म्हणजे दुसऱ्याला खोटं ठरवलं. म्हणून नवं क्रियापद भेटलं की कोशात दोन्ही रूपं शेजारी शेजारी बघावीत.

वर्तमानकाळात कान लवकर ओळखतो: 'यद्रुसु' शिकतो, 'युदर्रिसु' शिकवतो. सुरुवातीचा यु ऐकू आला की मधे शद्दा असण्याची शक्यता धरावी.

या दुहेरी क्रियापदाचं नाम मात्र त-ने सुरू होतं आणि त्यात शद्दा उरत नाही: 'दर्रस'चं 'तद्रीस'. (त्यातला द्र हे जोडाक्षर आहे, शद्दा नव्हे.) हा साचा आपल्या तोंडी कधीचा आहे. 'रकिब' म्हणजे स्वार झाला, 'रक्कब' म्हणजे चढवलं, बसवलं, जोडलं, त्याची 'तरकीब'. 'हसल'पासून 'हासिल', ज्याचं आपण 'काय हशील?' केलं, आणि 'हस्सल' म्हणजे गोळा केलं, वसूल केलं, त्यावरून 'तहसील'.