या चुका टाळा: शाळांवरच्या क्लस्टर चाचणीत सॅम्पल साइज ठरवताना

शाळेतल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चाचणीचे बरेच प्रोटोकॉल एकाच वाक्यापाशी अडतात: "आयसीसी ०.०१ गृहीत धरला आहे." आयसीसी म्हणजे एखाद्या मोजमापात एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी किती आहेत हे सांगणारा आकडा. तो कुठून घेतला, कोणत्या मोजमापाचा, कोणत्या वयाच्या मुलांचा, याबद्दल पुढे काहीच लिहिलेले नसते. आणि शाळा किती लागणार हे तर बहुतांशी त्याच आकड्यावर ठरते.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. एका जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळा, इयत्ता नववी. निम्म्या शाळांत वर्षभर कार्यक्रम, उरलेल्या शाळांत नेहमीचे वर्ग. वर्षाअखेर एसडीक्यू या मुलांच्या भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी मोजणाऱ्या प्रश्नावलीचा एकूण अडचणींचा गुण मोजायचा, जो ० ते ४० मध्ये असतो. प्रमाण विचलन ६ धरले आहे आणि दोन गटांत १.५ गुणांचा फरक पकडायचा आहे. पॉवर ८० टक्के, दुबाजू चाचणी, ५ टक्के पातळी. मुलांचे वाटप एकेकटे केले असते, तर प्रत्येक गटात २५२ मुले पुरली असती.

पण वाटप शाळांचे होणार आहे. एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून साठावे मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. किती जास्त मुले लागतील, ते डिझाइन इफेक्ट सांगतो:

```
DE = 1 + (m - 1) × ICC
```

इथे m म्हणजे दर शाळेतून मोजली जाणारी मुले. m = 60 आणि आयसीसी ०.०३ असेल तर DE २.७७ येतो. २५२ चे ६९९ होतात, म्हणजे प्रत्येक गटात १२ शाळा. आयसीसी ०.०१ धरला तर ७ शाळांत भागते, ०.०५ धरला तर १७ लागतात. दुसऱ्या दशांश स्थळातल्या फरकाने शाळांची संख्या दुपटीहून जास्त बदलते.

पहिली चूक: भलत्याच गोष्टीचा आयसीसी उचलणे. आयसीसी शाळेचा नसतो, त्या शाळांमधल्या त्या मोजमापाचा असतो. परीक्षेच्या गुणांचा आयसीसी सहसा बराच मोठा येतो, कारण शिकवणे आणि प्रवेश दोन्ही शाळेगणिक बदलतात. नैराश्याच्या किंवा भावनिक अडचणींच्या गुणांचा तुलनेने लहान असतो, बऱ्याचदा ०.०१ ते ०.०५. "शाळेतले वातावरण कसे आहे" हे विचारले तर मात्र सगळी मुले एकाच गोष्टीबद्दल सांगत असतात, त्यामुळे आयसीसी चढतो. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने केलेल्या 'सेहेर' चाचणीत (निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले) प्राथमिक मोजमाप शाळेचे वातावरण हेच होते. तुमचे प्राथमिक मोजमाप नैराश्याचे असेल, तर अशा चाचणीतून वातावरणाचा आयसीसी उचलून चालत नाही. तिने नैराश्याच्या मोजमापाचा आयसीसी दिला असेल तर तो घ्या.

इथेच आणखी एक घोळ होतो. मोजमाप हो-नाही स्वरूपाचे असेल, तर लॉजिस्टिक मिश्र मॉडेलमधून आलेला आयसीसी लॉजिट मोजपट्टीवरचा असतो. वरच्या सूत्राला टक्केवारीच्या मोजपट्टीवरचा लागतो. दोन्ही आकडे वेगळे असतात, आणि लेखात कोणता दिला आहे हे पद्धतीच्या परिच्छेदात शोधावेच लागते.

दुसरी चूक: छोट्या पायलटवर भिस्त ठेवणे. समजा सहा शाळांत प्रत्येकी ४० मुले मोजली आणि आयसीसी ०.०३ आला. ऐकायला भक्कम वाटते, पण त्याचा ९५ टक्के विश्वासांतर काढला तर तो शून्यापासून साधारण ०.२४ पर्यंत जातो. मुले २४० असली तरी शाळांमधला फरक फक्त सहा शाळांवरून मोजलेला असतो, त्यामुळे तो आकडा डळमळीतच राहतो. पायलटवरून प्रश्नावली चालते का, पालकांची संमती किती मिळते, किती मुले गळतात हे कळते. आयसीसीसाठी त्याच वयाच्या, तशाच शाळांतल्या चार-पाच मोठ्या अभ्यासांचे आकडे गोळा करा, त्यांचा पल्ला लिहा आणि मधल्यापेक्षा थोडा वरचा आकडा निवडा.

तिसरी चूक: शाळा मिळत नाहीत म्हणून मुले वाढवणे. प्रस्तावांमध्ये ही सर्रास दिसते आणि सर्वात महागात पडते. आपल्या उदाहरणात आयसीसी ०.०३ ठेवून पाहा. दर शाळेत ३० मुले घेतली तर प्रत्येक गटात १६ शाळा लागतात, ६० घेतली तर १२, आणि १२० घेतली तर १०. मुले चौपट केली, शाळा मात्र सहाच वाचल्या. याला तळही आहे: २५२ × ०.०३ = ७.५६. गटात ७ शाळा असतील, तर कितीही मुले मोजली तरी ८० टक्के पॉवर मिळणार नाही. ८ शाळा असतील, तर प्रत्येकीत नववीची सुमारे ५५५ मुले हवीत, जी तिथे नसतातच. म्हणून गणित सुरू करण्याआधीच, एकेकट्या वाटपाला प्रत्येक गटात लागणारी मुले n धरून, n × ICC करून पाहा. हाताशी असलेल्या शाळा त्याच्या जवळपास असतील, तर आराखडाच बदलावा लागेल.

चौथी चूक: सगळ्या शाळा सारख्या धरणे, आणि शाळेची गळती मुलांच्या गळतीत मिसळणे. एका शाळेत नववीची एकच तुकडी, दुसरीत चार. अशा वेळी पटसंख्येचा विचरण गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, सूत्रात येतो:

```
DE = 1 + ((1 + CV²) × m - 1) × ICC
```

CV हा शिक्षण विभागाच्या पटसंख्येच्या यादीवरून काढता येतो, अंदाज बांधायची गरज नाही. आपल्याकडे तो ०.५ आहे असे धरू. नोंदणी शाळेमागे सरासरी ६० मुलांची, पण वर्षाअखेर २० टक्के गैरहजर, म्हणून m = 48. DE पुन्हा २.७७ येतो, ६९९ भागिले ४८ म्हणजे १५ शाळा. शाळा मोजक्या असल्याने विश्लेषण टी-वितरणावर होईल, त्यासाठी प्रत्येक गटात एक शाळा वाढवा: १६. मुख्याध्यापक बदलले किंवा परवानगी मागे घेतली की पूर्ण शाळाच जाते. मुलांच्या २० टक्क्यांत हा धोका धरलेला नसतो, म्हणून आणखी एक: १७. दोन्ही गट मिळून ३४ शाळा, सुमारे २,०४० मुले.

एवढे झाल्यावर हाच आराखडा दुसऱ्या आयसीसीवर तपासा. विश्लेषणाला प्रत्येक गटात १६ शाळा उरल्या आणि खरा आयसीसी ०.०५ निघाला, तर पॉवर ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान उतरते. हा आकडा प्रोटोकॉलमध्ये लपवू नका. समर्थनाचा परिच्छेद असा लिहिता येईल:

"प्राथमिक मोजमाप १२ महिन्यांनंतरचा एसडीक्यू एकूण गुण. फरक १.५, प्रमाण विचलन ६, पॉवर ८० टक्के, दुबाजू पातळी ५ टक्के. आयसीसी ०.०३, याच वयोगटातल्या शालेय अभ्यासांतल्या याच मोजमापाच्या पल्ल्यावरून. दर शाळेत सरासरी ६० मुले, विचरण गुणांक ०.५, मुलांची गळती २० टक्के, प्रत्येक गटातून एक शाळा गळेल असे गृहीत. एकूण ३४ शाळा. आयसीसी ०.०५ असल्यास पॉवर सुमारे दोन तृतीयांश."

परवानगी प्रत्येक गटात १२ शाळांचीच मिळाली, तर ०.०३ चा ०.०१ करून गणित जुळवू नका. परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येते. त्याच सूत्रावरून उलट जा: १२ शाळा, दर शाळेत ४८ मुले, ८० टक्के पॉवरला पकडता येणारा फरक सुमारे १.७ गुण. कार्यक्रमातून तेवढा बदल खरोखर अपेक्षित असेल तर पुढे जा. नसेल तर शेजारच्या तालुक्याची परवानगी मिळेपर्यंत थांबा.