उपाय नको, अडचण सांगा

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका शेव-फरसाणवाल्या काकांना मी त्यांच्या वेबसाइटचं पहिलं डिझाइन पाठवलं. उत्तर आलं, "लोगो मोठा करा, जरा उठाव हवा." केला. मग "रंग बदला". तिसऱ्या फेरीला फोनच लावला, तेव्हा खरी अडचण कळली: मोबाइलवर ऑर्डरचं बटण दिसायला दोनदा खाली सरकवावं लागत होतं. मोठ्या लोगोने ते आणखीच खाली ढकललं होतं!

म्हणून डिझायनरला मत कळवताना खटकलेल्या जागेचा स्क्रीनशॉट काढा, तिथे गोल करा आणि लिहा: कुठलं पान, मोबाइल की कॉम्प्युटर, आणि गिऱ्हाइकाचं तिथे काय अडतं. "होम पेज, मोबाइल: ऑर्डरचं बटण न सरकवता दिसत नाही", एवढं पुरे. बटण वर घ्यायचं की फोटो लहान करायचा, ते डिझायनर बघेल. घरच्यांची मतं आधी आपसात जुळवा आणि एकाच मेसेजात पाठवा. काकांचा हिरवा सोमवारी आणि काकूंचा केशरी गुरुवारी आला, की एक फेरी गेलीच. आवडलेलंही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी नेमकं तेच बदललेलं दिसतं.