ॲप इंग्रजी, गाडी आपली: चार्जिंग सुरू करताना या चुका टाळा

साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. कराडच्या अलीकडे हायवेलगतच्या एका हॉटेलात चार्जर होता, तिथं मामांनी गाडी लावली. बॅटरी २२ टक्के. मी आत जेवण सांगून, एक लांबलेला फोन आटोपून बाहेर आलो, तर मामा घामाघूम. ॲपच्या वॉलेटमध्ये ५०० रुपये दोनदा भरून झालेले आणि बॅटरी अजून २२ वरच.

"पैसं गेलं की रं. आन् गाडी काय घेईना बघ."

चार्जर बिघडला नव्हता आणि गाडीही ठीक होती. ॲप इंग्रजीत जे सांगत होतं, ते मामा एकाच तराजूत तोलत होते. खरं तर त्या पडद्यावर तिघं आळीपाळीनं बोलत असतात: पैशाचा हिशेब, चार्जरचं यंत्र आणि आपली गाडी. मेसेज या तिघांपैकी कुणाचा, हे कळलं की निम्मा घोळ मिटतो. शब्दाचा अर्थ नंतर लावला तरी चालतो.

हिरवी टिकली म्हणजे चार्जिंग नव्हे

`Payment successful` असं हिरव्या टिकलीसकट आलं की काम झालं असं वाटतं. पण बहुतेक ॲपमध्ये याचा अर्थ एवढाच, की यूपीआयवरून पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये पोचले. पेट्रोल पंपावर आधी नोट हातात दिली, नळी अजून टाकीत घातलेलीच नाही, तसं हे. मामांनी टिकली बघितली, दहा मिनिटं वाट पाहिली, आकडा हलेना म्हणून परत ५०० भरले.

दुसऱ्यांदा भरण्याआधी दोन ठिकाणी बघा. ॲपच्या वॉलेटमध्ये शिल्लक वाढलेली दिसली, तर पैसे सुखरूप आहेत आणि अडचण पैशाची नाही. शिल्लक वाढली नसेल, तर आपलं यूपीआय ॲप उघडा. तिथे `Pending` असेल तर हात आवरा. पुन्हा भरलेत तर दोन्ही व्यवहार पूर्ण होऊ शकतात. तिथे `Success` असूनही वॉलेट रिकामं असेल, तर व्यवहाराच्या तपशिलातला बारा अंकी यूटीआर नंबर चार्जिंग कंपनीच्या मदत क्रमांकावर सांगा. खात्यातून पैसे गेले पण समोर पोचल्याची खात्री झाली नाही, अशा यूपीआय व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. मात्र वॉलेटमध्ये पोचलेल्या पैशाला हा नियम लागू नाही. ते परत बँकेत आणायचे तर त्या ॲपच्या अटी बघाव्या लागतात.

`Insufficient balance` आलं तर वॉलेटमध्ये काहीच नाही असं समजू नका. पुष्कळ ॲप ठरावीक किमान शिल्लक असल्याशिवाय सुरूच होऊ देत नाहीत.

बंदूक एक, नंबर दुसरा

चार्जरच्या केबलच्या टोकाला असतं त्याला सगळे गन म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्या चार्जरला दोन गन होत्या. मामांनी डावीकडची गन गाडीला लावली आणि उजवीकडचा क्यूआर स्कॅन केला. ॲपनं विचारलं, `Connector 2` सुरू करू? मामांनी `Start` दाबलं. ॲप म्हणालं `Accepted`, आणि मामा खूश. पण `Accepted` म्हणजे फक्त निरोप यंत्रापर्यंत पोचला आणि त्यानं ऐकला. वीज सुटली, असा त्याचा अर्थ नाही. यंत्र दोन नंबरची गन कुणी लावतंय का याची वाट बघत बसलं. ठरलेली मुदत सरली आणि त्यानं तो नाद सोडला. ही मुदत चार्जर बसवणारा ठरवतो, त्यामुळे कुठे मिनिटभर तर कुठे दोन-चार मिनिटं मिळतात.

नशीब, दोन नंबरवर दुसरी गाडी नव्हती. तिथं कुणी गन लावून बसलं असतं, तर मामांच्या पैशावर त्याची गाडी भरली गेली असती.

म्हणून उलटा क्रम ठेवा. आधी गन गाडीला लावा. मग ॲपमध्ये त्याच गनसमोर `Available` जाऊन `Preparing` आलं का बघा. ते आलं, तर तुम्ही उघडलेली गन आणि गाडीला लावलेली गन एकच आहे. मग `Start` दाबा. `Preparing`चं भाषांतर मोबाइल 'तयारी करत आहे' असं करतो आणि माणूस तयारी व्हायची वाट बघत उभा राहतो. प्रत्यक्षात ते यंत्र तुमची वाट बघत असतं. गन बसली, आता हुकूम द्या, असा त्याचा अर्थ.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन शब्द. `SuspendedEV`चं 'निलंबित' होतं, जणू तलाठ्यावर कारवाई झाली. त्याचा अर्थ, चार्जर द्यायला तयार आहे, गाडीच घेत नाही: पूर्ण भरली असेल किंवा गाडीत चार्जिंगची मर्यादा लावून ठेवली असेल. शेवटी `EVSE` असेल तर उलटं, गाडी मागते आहे पण चार्जर देत नाही. पहिल्यात गाडीचा पडदा बघायचा, दुसऱ्यात मदत क्रमांक लावायचा.

कुलूप लागलं नाही, म्हणून वीज नाही

डावी गन बरोबर निवडून सुरू केलं, तर नवीनच मेसेज आला: `ConnectorLockFailure`. मामा म्हणाले, "हे लॉक आता कुठं काढायचं?" लॉक काढायचं नव्हतं, लागायला हवं होतं.

कारच्या जलद चार्जिंगला हल्ली सर्रास दिसणारी जाड गन सीसीएस-२ प्रकारची. तिचं कुलूप गनमध्ये नसतं, गाडीत असतं. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाशी एक छोटी मोटर असते, ती एक पिन पुढे सरकवते आणि ती पिन गनवरच्या खाचेत अडकते. चालू करंटमध्ये गन ओढली तर ठिणगी उडेल, म्हणून ही पिन नीट बसल्याशिवाय वीज सोडतच नाहीत. केबल जड असते. गन लावून हात सोडला की ती वजनानं किंचित खाली झुकते, खाच आणि पिन एका रेषेत राहत नाहीत, आणि पिन अर्ध्यात अडते. पावसाळ्यात खाचेत चिखल बसला असेल तरी तेच होतं.

उपाय साधा आहे. सेशन बंद करा, गन काढा, खाच बघा. मग गन सरळ आत दाबा, खालून हातानं आधार द्या आणि तो आधार तसाच ठेवून `Start` दाबा. गाडीतून 'खट्' असा आवाज आला की हात सोडा. मामांचं काम असंच झालं. पण त्यानंतर लगेच वीज येत नाही. चार्जर आधी केबलमधून वीज कुठे झिरपत नाही ना, हे तपासतो, मग व्होल्टेज गाडीच्या बॅटरीच्या बरोबरीला आणतो. त्या वेळात ॲपवर आकडा शून्यच असतो. इथं घाई करून `Stop` दाबणारे, किंवा रिमोटनं गाडी उघड-बंद करणारे पुष्कळ. काही गाड्यांत अनलॉक दाबलं की चार्जिंगच तुटतं. मिनिटभर हात खिशात ठेवा. चार्जरचे पंखे घोंघावू लागले आणि गाडीच्या पडद्यावर टक्क्यांसोबत वेळ दिसू लागला, की खरं चार्जिंग सुरू झालं.

तीन-चारदा नीट लावूनही हाच मेसेज येत राहिला तर दुसरी गन लावून बघा. तिच्यावरही तेच झालं, तर पिनची मोटर गाडीतली आहे, तेव्हा काम सर्व्हिस सेंटरचं.

गन निघत नाही तेव्हा

८० टक्क्यांना मामांनी `Stop` दाबलं. ॲपवर आलं `Finishing`, म्हणजे 'पूर्ण करत आहे' असं समजून आम्ही थांबलो. तेही चुकीचंच. सेशन संपलेलं असतं, फक्त गन अजून गाडीत आहे, एवढंच ते सांगतं. काही ठिकाणी इथून पुढे जागा अडवल्याचे पैसे लागतात, त्याला ॲपमध्ये `Idle fee` म्हणतात.

मामांनी गन ओढली. निघेना. ॲपमध्ये `Unlock` बटण होतं, ते दाबलं, तर उत्तर `NotSupported`. मग त्यांचा हात चार्जरच्या लाल बटणाकडे जायला लागला, तेव्हा मी ओरडलोच.

ॲपचं `Unlock` चार्जरच्या बाजूचं कुलूप उघडतं. आपली केबल आपण घेऊन जातो आणि ती चार्जरच्या सॉकेटमध्ये लावतो, तिथं ते कामाचं. केबल चार्जरलाच कायमची जोडलेली असेल आणि कुलूप गाडीत असेल, तर ॲप बिचारं काय उघडणार? आणि लाल बटण वीज तोडतं, गाडीची पिन सोडत नाही. उलट चार्जर `Faulted` होऊन बसतो आणि मागून येणाऱ्याची पंचाईत होते. आग, धूर, शॉक असेल तेव्हाच त्याला हात लावा.

गाडी किल्लीनं अनलॉक करा. तरी गन घट्ट असेल तर ओढू नका, कारण ओढल्यानं पिनवर ताण येतो आणि ती आणखी रुतते. गन थोडी आत ढकला, किंचित वर उचला, आणि तसंच धरून पुन्हा अनलॉक दाबा. पिन मागे गेल्याचा आवाज येतो. मग सरळ बाहेर. एवढ्यानंही नाही निघाली, तर बऱ्याच गाड्यांत पिन हातानं सोडायची दोरी किंवा कडी असते. ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात आधीच बघून ठेवा, आणि सेशन संपल्याचं ॲपवर दिसल्याशिवाय तिला हात लावू नका.

मदत क्रमांक लावायचा झाला, तर 'गाडी चार्ज होत नाही' एवढ्यानं भागत नाही. चार्जरवरच्या स्टिकरचा नंबर, गन एक की दोन, ॲपवरचा मेसेज अक्षर न् अक्षर आणि गाडीचा पडदा काय म्हणतो, हे चार वाचून दाखवा. इंग्रजी बोलता आलं नाही तरी अडत नाही.

गन जागेवर अडकवली, ॲपवर `Available` आलं. बिल बघितलं: साधारण २५ युनिट, दर १८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे युनिटला २१ रुपये २४ पैसे. एकूण ५३१. हजारातले ४६९ वॉलेटमध्ये शाबूत. आणि गंमत म्हणजे मामांनी पहिलेच ५०० भरून सगळं बरोबर केलं असतं, तर साडेतेवीस युनिटला, ७६-७७ टक्क्यांवर, शिल्लक संपून चार्जिंग तुटलं असतं.

"म्हंजे दुसरं पाशशे भरलं ते बराबरच की," मामा म्हणाले, आणि जेवायला आत गेले. जेवण एव्हाना गार झालं होतं.