सरासरी ६० फ्रेम, तरी दर काही सेकंदांनी झटका: आमचा उपाय

लाँचला तीन आठवडे उरले होते. युनिटीतला आमचा गेम फोनवर सरासरी ६० फ्रेम दाखवायचा, पण दर काही सेकंदांनी अडखळायचा. टेक्श्चर लहान केले, सावल्या बंद केल्या, फरक शून्य. फार वैताग आला.

शेवटी डेव्हलपमेंट बिल्ड फोनवर चालवून प्रोफाइलर जोडला. (एडिटरमधल्या आकड्यांवर विसंबू नका.) झटक्याच्या फ्रेमवर `GC.Collect` दिसलं, म्हणजे वापरून झालेली मेमरी साफ करण्याचं काम तिथेच चालत होतं. मग ही मेमरी कोण घेतं ते शोधायला आधीच्या साध्या फ्रेममधल्या नोंदी `GC Alloc` स्तंभानुसार लावल्या. `Update()` दर फ्रेमला स्कोअरची नवी स्ट्रिंग बनवत होतं, शिवाय प्रत्येक गोळीला `Instantiate` आणि `Destroy`.

आधी स्कोअर बदलला तरच मजकूर लिहायला लावला. नंतर गोळ्यांचा पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या गोळ्यांचा साठा, लेव्हल लोड होतानाच भरला. खेळताना तो स्तंभ जवळपास शून्यावर आला आणि फ्रेम १६.६ मिलिसेकंदांत बसू लागली.