सायलेन्सर बदललात? मग मॅपही बदला

‘ईसीयू आपोआप शिकतो, चालवत राहा,’ हे गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. ईसीयू म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा बाइकचा कॉम्प्युटर. बहुतेक बाइकचा ईसीयू आत शिरलेली हवा थेट मोजत नाही. थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती, इनटेकमध्ये दाब किती, एवढं पाहून तो कंपनीने भरलेल्या तक्त्याप्रमाणे, म्हणजेच मॅपप्रमाणे, पेट्रोल सोडतो. तो तक्ता जुन्या एक्झॉस्टचा. मोकळ्या एक्झॉस्टमधून जळका वायू चांगला निघून जातो, हवा जास्त शिरते आणि पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिकअपला बाइक अडखळते.

आधी एक्झॉस्टचे जोड तपासा. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं ‘लीन’ सांगतो.

मॅप बदलण्यासाठी ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये ट्यूनर नावाची डबी बसवतात. तिचं फिटिंग सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजेक्टरचा सॉकेट सोडवून ट्यूनरचे दोन कनेक्टर मध्ये जोडा, अर्थची वायर थेट बॅटरीला द्या. मग लॅपटॉपवर थ्रॉटलची पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी जागा नोंदवा.

खरी मेख ऑक्सिजन सेन्सरची. मलाही इथेच घाम फुटला होता. कंपनीचा सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच सांगतो. एका वेगाने जाताना ईसीयू त्याचं ऐकून मिश्रण १४.७ वर आणत राहतो. तुम्ही तिथे ट्यूनरमधून ८ टक्के पेट्रोल वाढवलंत, की सेन्सर ‘रिच’ म्हणतो आणि ईसीयू तेवढंच कापतो. नेटवरून उतरवलेला मॅप टाकूनही फरक पडला नाही, असं म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा हेच झालेलं असतं. त्याच बाइकसाठी बनलेला ऑक्सिजन सेन्सर एलिमिनेटर लावा. कुठलातरी रेझिस्टर खुपसू नका, चेक इंजिनचा दिवा लागेल. मात्र एलिमिनेटर लावला की ईसीयूची दुरुस्ती बंद होते. आता मॅप चुकला तर सावरणारं कोणी नाही.

म्हणून प्रमाणाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर हवाच. समजा ४० टक्के थ्रॉटल, ५,००० आरपीएमला तो १४.२ दाखवतोय आणि तुम्हाला १३.२ हवंय. १४.२ भागिले १३.२ म्हणजे १.०७६. ट्यूनरच्या तक्त्यातल्या त्या घरात शून्य टक्के असेल तर ८ भरा. आधीच ४ असेल तर १.०४ गुणिले १.०७६, म्हणजे १२. नुसती बेरीज मोठ्या आकड्यांना चुकवते. शेजारच्या घरांतही चढउतार हळू ठेवा, नाहीतर थ्रॉटल फिरवताना झटका बसतो.

पूर्ण थ्रॉटलची घरं रस्त्यावर भरू नका, त्यासाठी बाइक जागेवरच पळवून मोजणारा डायनोच गाठा. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेल्या बाइकचं पीयूसी नुसत्या मॅपच्या भरवशावर सोडू नका.