एक बिबट्या, चार डिटेक्टर: आकडे जुळत नाहीत तेव्हा काय करायचं

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एके पहाटे फोटो आला. पार्किंगच्या कुंपणभिंतीवर बिबट्या, मागे ट्यूबलाइटचा पिवळट उजेड, कडा जरा पुसट. येऊरचं जंगल आमच्या पाठीशी आहे, त्यामुळे अशक्य काहीच नव्हतं. साडेसातपर्यंत एकाने डिटेक्टरचा, म्हणजे फोटो एआयने बनवलाय का हे सांगणाऱ्या साइटचा, ‘९६ टक्के एआय’ असा निकाल टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या साइटवरून ‘७ टक्के’. मी आणखी दोन ठिकाणी तपासलं तर ५४ आणि १२ आले.

जनावर खरं असण्याची शक्यता असेल तर आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. डिटेक्टरचा खेळ त्यानंतर.

पहिली पायरी फाइलची. ज्याने फोटो काढला त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करा आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. तोवर हाती असलेली फाइल थेट अपलोड करा. स्क्रीनशॉट काढून तो तपासणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, कारण स्क्रीनशॉट ही वेगळीच प्रतिमा असते. मेटाडेटा, म्हणजे कॅमेरा, वेळ अशी फाइलमध्येच नोंदलेली माहिती, exiftool या प्रोग्रॅमच्या एका ओळीच्या कमांडने दिसतो:

```
exiftool bibtya.jpg
```

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहिती उरत नाही, त्यामुळे ती नसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही. फोटो कशाने बनला हे नोंदवणारी ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ची खूण सापडली तर उपयोगी, नाही सापडली तर पुढे चला.

आता खरी अडचण. चार आकडे समोर आहेत आणि ते भांडतायत. इथे बहुतेक लोक दोनपैकी एक चूक करतात, आणि मी दोन्ही केल्या आहेत.

पहिली चूक सरासरीची. ९६, ७, ५४, १२ यांची सरासरी ४२ येते आणि तिला काडीचाही अर्थ नाही. हे आकडे एकाच फूटपट्टीवरचे नाहीत. एकाचा ९६ म्हणजे ‘खात्री आहे’, तर दुसरा जरा संशय आला तरी ९६ वर उडी मारतो. टक्क्याचं चिन्ह लावलं म्हणून ती शंभरातली शक्यता होत नाही.

दुसरी चूक मतदानाची. मागच्या पावसाळ्यात मासुंदा तलावाचं पाणी रस्त्यावर आल्याचा फोटो फिरत होता. तीन डिटेक्टर ‘खरा’ म्हणाले, एक ‘खोटा’. मी ऐटीत ग्रुपवर लिहिलं, ‘तीन विरुद्ध एक, फोटो खरा आहे.’ तो बी विंगमधल्या एका कॉलेजच्या पोराने मोबाइलवर बनवला होता, त्याने हसतहसत कबूलही केलं. नंतर कळलं की त्या तिघांचे आकडे कुठल्याही फोटोवर जवळपास एकत्रच वर-खाली होतात. काही मोफत साइट आतून एकच खुलं मॉडेल चालवतात, फक्त पाटी वेगळी. म्हणजे मी एकाच माणसाची तीन मतं मोजली होती.

तेव्हापासून मी एकच करतो: आधी डिटेक्टरची परीक्षा घेतो, मग फोटोची.

त्यासाठी दोन गठ्ठे लागतात. पहिल्यात दहा खरे फोटो, वादातल्या फोटोच्या जवळचे. बिबट्या मिळणार नाही, पण तीच भिंत, तीच ट्यूबलाइट, रात्रीची वेळ, साधा मोबाइल हे जमतं. मी रात्री बाराला खाली जाऊन कुत्री, मांजरं, स्कूटर, असे दहा फोटो काढले. वॉचमनने विचारलं, ‘साहेब, इन्शुरन्सचं काही आहे का?’ दुसऱ्या गठ्ठ्यात दहा बनावट, एआयने बनवून घेतलेले रात्रीच्या पार्किंगमधले बिबटे, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या जनरेटरवरून. मग दोन्ही गठ्ठे व्हॉट्सॲपवर बायकोला पाठवायचे, तिच्याकडून परत घ्यायचे, आणि परत आलेल्या प्रतीच तपासायच्या.

ही वारी टाळू नका. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वरून दाबून लहान करतं. डिटेक्टर ज्या बारीक खुणा शोधतो, त्यातल्या कितीतरी तिथेच पुसल्या जातात. शिवाय रात्रीच्या फोटोत मोबाइल स्वतःच अनेक फ्रेम एकत्र करून, दाणेदारपणा घासून गुळगुळीत करतो. तो गुळगुळीतपणा काही डिटेक्टरना एआयसारखा वाटतो.

माझ्या गठ्ठ्यांवर काय झालं ते सांगतो. ९६ देणाऱ्याने माझ्या दहा खऱ्या फोटोंपैकी सात ‘एआय’ ठरवले, त्यात आमची स्कूटरही होती. त्याचा ९६ बाद. ७ देणाऱ्याने दहा बनावटांपैकी आठ ‘खरे’ ठरवले, म्हणजे त्याला व्हॉट्सॲपनंतर काही दिसतच नाही. त्याचा ७ बाद. ५४ वाल्याने वीसच्या वीस फोटोंना ४० ते ६० च्या मधले आकडे दिले. तोही बाद.

उरला १२ वाला. त्याने एकाही खऱ्या फोटोला खोटा म्हटलं नाही, पण दहापैकी सहाच बनावट पकडले. हे नीट वाचा, सगळी गंमत इथे आहे. हा डिटेक्टर ‘एआय’ म्हणाला असता तर मी बरंच वजन दिलं असतं. तो ‘खरा’ म्हणतो त्याला मात्र कमी वजन, कारण बनावट फोटोंमधल्या चारांनाही त्याने ‘खरा’च म्हटलं होतं. फोटो खरा असता तर तो दहापैकी दहा वेळा हे म्हणाला असता, बनावट असता तर चार वेळा. पारडं खऱ्याकडे झुकलं, पण अडीचपटच, आणि तेही दहा-दहा फोटोंच्या भरवशावर. एवढ्यावर मी निकाल देत नाही. ग्रुपवर लिहिलं: ‘डिटेक्टरवरून ठरत नाही. मूळ फोटो कुणाकडे आहे?’

लोकांना हे उत्तर आवडत नाही. नावडू दे.

फोटोतला फक्त बिबट्या चिकटवलेला असू शकतो, ही शंका उरतेच. काही डिटेक्टर संपूर्ण फोटो लहान करून एकच आकडा देतात, त्यात छोटा चिकटवलेला भाग बुडून जातो. म्हणून मी बिबट्याचा आणि रिकाम्या भिंतीचा तुकडा वेगवेगळा कापून तपासला. कापल्यानेही आकडे हलतात, त्यामुळे माझ्या खऱ्या फोटोंतल्या कुत्र्यांचेही तसेच तुकडे तपासले. बिबट्या आणि कुत्री यांच्या आकड्यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाने माझा मेसेज वाचला. फोटो त्याने गॅलरीतून काढला होता. त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून फाइल आली, मोबाइलच्या मॉडेलसकट, वेळ २:४०. ही माहिती बदलता येते, हे ध्यानात ठेवा. माझे दहा फोटोही या वेळी मूळ स्वरूपात पुन्हा तपासले. ९६ वाल्याने आता त्यातला एकच चुकवला आणि बिबट्याला ३१ दिले. १२ वाला ५ वर आला. व्हॉट्सॲपची दाबादाबी मध्ये नसताना भांडण जवळजवळ मिटलं होतं.

शेवटी सेक्रेटरींना सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगितलं. कॅमेरा त्या भिंतीकडे नाही, त्यामुळे बिबट्या कुठेच दिसला नाही. २:४१ ला पार्किंगमधली तिन्ही कुत्री मात्र भिंतीच्या उलट दिशेने, शेपट्या आत घालून गेटकडे पळताना दिसली.