लातूरहून ठाण्यात आलेल्यांनो, पहिल्या जुलैआधी हे वाचा

आपल्याकडे गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. इथे पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशीही ओलसर लागते. सोळा वर्षांपूर्वी मी पहिल्याच जुलैत खिडक्या घट्ट लावून खोलीभर कपडे पसरले होते. दोन दिवसांनी ऑफिसात शेजारचा सहकारी खुर्ची सरकवून बसला, तेव्हा कुठे कळलं.

तो आंबूस वास पावसाचा नसतो. धुऊनही कापडात थोडे जंतू उरतात आणि कपडा जितके तास ओला राहील तितके ते वाढतात. त्यामुळे कपडे लवकर वाळवायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

सुरुवात मशीनपासून करा. धुणं संपलं की फक्त स्पिन आणखी एकदा लावा. नळीतून पुन्हा पाणी येताना दिसेल, ते एरवी तुमच्या खोलीच्या हवेत गेलं असतं. मशीन थांबल्यावर कपडे लगेच काढा. रात्री लावून सकाळी काढायची सवय इथे सोडावी लागते. पावडरही नेहमीपेक्षा जास्त घालू नका, न निघालेला साबण कापडातच राहतो.

वाळत घालताना दोन कपड्यांत चार बोटं जागा ठेवा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर ओढा. टॉवेल दांडीवर दुमडून न टाकता एका कडेने चिमटे लावून सोडा. टेबलफॅन कपड्यांच्या बाजूने, खालून वर वाहील असा ठेवा. सीलिंग फॅन एकटा पुरत नाही, तो तीच दमट हवा फिरवत राहतो. म्हणून खिडकी वीतभर उघडी हवी. बाहेर पाऊस असला तरी ओल्या कपड्यांनी भरलेल्या खोलीपेक्षा बाहेरची हवा बहुधा कमी दमट असते. पाऊस आत येत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा आणि खोलीचं दार उघडं ठेवा. एसी असेल तर मात्र खिडकी बंद, कारण एसी हवेतलं पाणी ओढून बाहेरच्या नळीतून टाकतो.

आमच्याकडे अशा पद्धतीने शर्ट सकाळी वाळत घातला की संध्याकाळी घडी करण्याजोगा होतो. जीन्सला रात्र लागते. ती वाळली का, हे मांडीवरून ठरवू नका. कंबरेची जाड शिवण आणि खिशाचा कोपरा गालाला लावून बघा. गार लागला तर ओल आहे. अशी जीन्स कपाटात गेली की शेजारचे कपडेही वास घेतात. इस्त्रीने वरवर कोरडी होते, शिवण तशीच राहते.

टॉवेलला वास बसलाच असेल तर बादलीत अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी घ्या, साधारण ६० अंश होतं. त्यात पावडर घालून टॉवेल तासभर बुडवा, मग नेहमीसारखा धुवा. रंगीत आणि सिंथेटिक कपड्यांना हा प्रयोग करू नका. आणि मशीनचं झाकण रोज उघडं ठेवा, आमच्या घरी निम्मा वास तिथूनच येत होता.